मारुतीच्या कुठपर्यंत पाणी होतं, ते लिही

ताई, नमस्कार.

आमची चिऊ येत्या एप्रिलमध्ये दोन वर्षांची होईल. मागच्या पावसाळ्यात, ती सव्वा वर्षाची असताना, गोदाघाटावर काढलेला एक फोटो सोबत पाठवतेय. माझे सासरे (नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेत) तिला कडेवर घेऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बोट दाखवताहेत. फोटो निघाला आणि लगेच तिने डाव्या पायातली चप्पल पुरात भिरकावली. सासरे इतके हसले की त्यांचा चष्मा पडायला आला. ती अठरा वर्षांची होईल तेव्हा वाचेल असं या फोटोखाली चार ओळी लिहायच्या आहेत. महिनाभर लिहितेय आणि खोडतेय. "माझ्या परीला, तू आलीस आणि आयुष्याला अर्थ आला. खूप मोठी हो, आमचं नाव उज्ज्वल कर." इथपर्यंत येते आणि थांबते. हे तर कुणाच्याही मुलीला चालेल. नवरा म्हणतो, तिच्या नावाने ईमेल उघडून त्यावर पाठवत जा. बहीण म्हणते, इन्स्टावर टाक, तिथे कायम राहील. काय लिहू आणि कुठे ठेवू?

– एक आई, इंदिरानगर

अगं, चप्पल कुठे गेली?

पुरात गेली ते कळलं. तुझ्या त्या चार ओळींतून कुठे गेली, ते विचारतेय. मी तुला ओळखत नाही, तू मला ओळखत नाहीस, तरी मला सांगताना तू चप्पल सांगितलीस, चष्मा सांगितलास, कडेवरचं पोर डोळ्यासमोर उभं केलंस. आणि जिच्यासाठी लिहायचं तिच्या वाट्याला आली ती परी. माझ्या मते तुझं कॅप्शन लिहून झालेलं आहे, फक्त ते चुकून माझ्या पत्त्यावर आलं.

तू नाशिकची आहेस, म्हणून आपल्याकडचंच एक माप सांगते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमीत क्युसेकचा आकडा येतो. तो ऐकून घरातलं म्हातारं माणूस काय विचारतं? "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, एवढं सांगितलं की त्याला पूर दिसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्खा मारुती पाण्याखाली गेला होता, हे सांगायला आकडा लागत नाही. "आयुष्याला अर्थ आला" हा तुझा क्युसेकचा आकडा आहे. खोटा नाही, मोठाच आहे, पण वाचणाऱ्याला पाणी दिसत नाही.

मेन रोडजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी एकतीस वर्षं काउंटरवर बसले. जुने फोटो कॉपी करायला लोक आणायचे तेव्हा मी आधी फोटो उलटा करून मागची बाजू बघायची. बहुतेक वेळा मागे काहीच नसायचं. काहींच्या मागे "गोड आठवण" असं वळणदार अक्षरात असायचं, आणि फोटो आणणाऱ्यालाच ती कशाची आठवण ते माहीत नसायचं. एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ आईचा फोटो घेऊन आले. डोक्यावर पदर घेतलेली तरुण बाई, मागे मातीचा ढीग. उलटून पाहिलं तर शिसपेन्सिलीने लिहिलेलं, "विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी. बावीस हात." गृहस्थ म्हणाले, ताई, मागच्या बाजूचीपण कॉपी काढा, ते वडलांचं अक्षर आहे. एकतीस वर्षांत मागच्या बाजूची कॉपी मागणारं गिऱ्हाईक मला ते एकच भेटलं, म्हणून लक्षात राहिलं.

आता तुझा फोटो. मी तो मोठा करून पाहिला. पाणी मारुतीच्या गुडघ्याच्या जरा वर आहे. चिऊच्या अंगात पिवळा रेनकोट आहे. उजव्या कडेला छत्री धरलेला एक हात आलाय, त्यात हिरव्या बांगड्या आहेत, माणूस चौकटीबाहेर आहे. आणि चिऊच्या दोन्ही पायांत चपला आहेत.

हे सगळं तिला दिसेलच. म्हणून "आजोबांच्या कडेवर तू किती गोड दिसतेस" असं लिहून ओळ वाया घालवू नकोस. फोटोला जे माहीत नाही ते कॅप्शनने सांगायचं असतं. या फोटोला काय माहीत नाही? तो हात कुणाचा, ते. फोटो कुणी काढला, ते. काढणारा माणूस फोटोत कधीच नसतो आणि वीस वर्षांनी तो तिथे नव्हताच असं होऊन बसतं. पुढच्या क्षणी चप्पल गेली, ते. त्या वयात चिऊ मारुतीला काय म्हणायची, ते तर फक्त तुम्हालाच माहीत. हा शब्द आजच लिहून ठेव. मुलं शब्द नीट बोलायला लागली की जुना बोबडा शब्द आईसुद्धा विसरते. मी माझ्या मुलाचा विसरले. "कुकर"ला तो काहीतरी भलतंच म्हणायचा आणि आम्ही दोघं हसून लोळायचो. आता दोघांनाही काय ते आठवत नाही, हसलो एवढंच आठवतं.

मी एक कच्चा खर्डा करून देते. रिकाम्या जागा मुद्दाम ठेवल्यात, त्या तुझ्या आहेत.

"जुलै २०२५, तारीख ___, गोदाघाट. धरणातून पाणी सोडलं होतं, ते दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याच्या वर आलं होतं. तू सव्वा वर्षाची, आजोबांच्या कडेवर. छत्रीचा हात ___चा. फोटो ___ने काढला. तू तेव्हा मारुतीला ___ म्हणायचीस. या फोटोत तुझ्या दोन्ही पायांत चपला आहेत, त्या शेवटच्या. फोटो निघाला आणि डावी तू पुरात भिरकावलीस. आजोबा इतके हसले की चष्मा पडायला आला. मी ___. परत जाताना तू ___. – आई, वय ___. लिहिलं ता. ___."

तारीख अंदाजाने घालू नकोस. फोनमध्ये मूळ फोटोच्या तपशिलात ती असते. मात्र फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला असेल तर तिथे पाठवण्याची तारीख दिसेल, काढल्याची नाही. ज्या फोनने काढला त्यातच बघ.

"मी" पुढची जागा सगळ्यात अवघड आहे. तू हसलीस की ओरडलीस? ओरडली असशील तर "ओरडले" असंच लिही. (चप्पल पाण्यात आणि पुराच्या काठावर पोर, मीही ओरडले असते. पुराच्या इतक्या जवळ पोराला नेण्याबद्दल मला वेगळं बोलायचंय, पण ते आज नको.) अठराव्या वर्षी मुलींना आईचा राग चांगला ओळखता येतो. फोटोमागे सतत हसणारी आई सापडली तर ती कुणी दुसरीच बाई वाटेल. "वय" मात्र विसरू नकोस. एप्रिल २०४२ मध्ये ती पहिला हिशोब तोच करेल, आई तेव्हा माझ्यापेक्षा किती वर्षांनी मोठी होती, हा.

चप्पल कितीला घेतली होती आणि कुठून, ते आठवत असेल तर एक ओळ वाढव. किंमत एकच पुरे. दूध, पेट्रोल, सोनं अशी यादी करू नकोस, ते तिला कुठेही मिळेल. हवं तर मागे आपल्या गावचं मोठं घड्याळ लाव: २०२७ च्या सिंहस्थाची गावात तयारी चालू होती. तो बारा वर्षांनी येतो, म्हणजे ती वाचेल तोवर दोन सिंहस्थ होऊन गेलेले असतील. दुसऱ्या वेळी ती पंधरा वर्षांची असेल आणि तिला स्वतःला तो आठवत असेल. तिथून मागे मोजत ती या फोटोपर्यंत नीट येईल.

आता काय गाळायचं. "नाव उज्ज्वल कर" गाळच. तिचा वाढदिवस एप्रिलचा. अठरावा म्हणजे बारावीची परीक्षा नुकतीच झालेली, पुढच्या प्रवेशपरीक्षा डोक्यावर. त्या महिन्यात अख्खं घर, शेजार आणि क्लासचे सर तिला हेच सांगत असतील. सोळा वर्षं जपलेलं पाकीट उघडल्यावर आतूनही तेच निघालं तर बिचारीने कुठे जायचं? "तुझ्यासाठी मी अमुक सोडलं" हेही नको, ते बिल वाटतं. रंगावरून, जाडीवरून केलेली लाडाची थट्टाही नको. आज ती बाळ आहे म्हणून गोड वाटते, अठराव्या वर्षी आरशासमोर तशी वाटत नाही.

आणि स्वतःची आरती नको. तुला आठवायचं कारण नाही, पण लाल किल्ल्याजवळ १५ ऑगस्ट १९७३ ला सरकारने एक "कालपात्र" जमिनीत पुरलं होतं, पुढच्या पिढ्यांना देशाचा इतिहास कळावा म्हणून. आतला मजकूर एकतर्फी आहे अशी ओरड झाली, सरकार बदललं आणि १९७७ मध्येच ते उकरून बाहेर काढलं. हजारो वर्षं टिकायचं होतं, चार वर्षं टिकलं. धातू उत्तम होता म्हणे.

ठेवायचं कुठे, त्यात तुझी बहीण आणि नवरा दोघांशी माझं थोडं भांडण आहे.

इन्स्टावर टाकलंस तर चिऊच्या आधी तुझ्या ओळखीचे तीन-चारशे लोक ते वाचतील, आणि लिहिताना तू नकळत त्यांच्यासाठी लिहिशील. परी तिथूनच आली असणार. शिवाय नाव, जन्मतारीख, आजोबा, राहण्याचा भाग, एवढं सगळं एका जागी जगाला देण्याआधी जिचं आहे तिला विचारता येत नाही. आणि "कायम"चं म्हणशील, तर ऑर्कुटवर आपण सगळेच होतो. ते सप्टेंबर २०१४ अखेर बंद झालं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. सोळा वर्षं हा अशा ठिकाणांसाठी फार लांबचा पल्ला आहे.

ईमेलची कल्पना वाईट नाही, पण ते खातं उघडून विसरता येत नाही. गुगलचा नियम असा आहे की वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर ते आतल्या सगळ्यासकट काढून टाकलं जाऊ शकतं. म्हणून दर वाढदिवसाला त्यात लॉगिन करून एक पत्र टाकायचं, आणि तुमचा मोबाइल नंबर बदलला तर तिथेही बदलायचा. हे नवऱ्याच्या गळ्यात घाल, कल्पना त्याची आहे.

फोनमधल्या फोटोखाली टाइप करून ठेवलेल्या ओळींवर मात्र भरवसा ठेवू नकोस. लोक इथे हमखास फसतात. गुगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन फोटोच्या आत जात नाही. सगळे फोटो एकदम डाउनलोड केले की ते शब्द शेजारच्या वेगळ्या `.json` फाइलीत येतात, आणि ती फाइल कचरा समजून कुणीतरी उडवतं. व्हॉट्सअॅपवर फोटोखाली लिहिलेलं तर फोटो सेव्ह केला की तिथेच राहतं. यावर माझा उपाय अगदी काउंटरवरचा आहे. कॅप्शन हाताने कार्डावर लिही, छापील फोटोखाली ते कार्ड ठेव, आणि खिडकीच्या उजेडात दोन्हींचा मिळून एक फोटो काढ. आता अक्षरं चित्राचाच भाग झाली, फाइल कुठेही गेली तरी बरोबर जातील. फाइलीला नावही साधं दे, `2025-07_godaghat_ajoba_chiu.jpg` असं काहीतरी. ही झाली दुसरी प्रत. पहिली कागदाचीच.

फोटो लॅबमधून छापून घे, पाच बाय सातचे दोन. घरच्या साध्या इंकजेटवर नको, त्याची शाई उजेडाने आणि हवेने लवकर उतरते. एक प्रत फ्रेममध्ये लाव आणि फिकी पडू दे. दुसरी अंधारात राहील.

लॅबच्या फोटोच्या पाठीवर लिहू नकोस. पूर्वीच्या कागदी पाठीवर पेन्सिल चालायची, ती विहिरीची चालली तशी. आताच्या कागदाला मागून प्लास्टिकचा थर असतो. त्यावर पेन्सिल घसरते. बॉलपेन दाबून चालवलं तर समोर चेहऱ्यावर वळ उठतो. जेल पेन वाळल्यासारखं दिसतं आणि गठ्ठ्यात ठेवलं की खालच्या फोटोच्या तोंडावर उमटतं. आमच्याकडे एका नवरीच्या कपाळावर "मामाकडून" उमटलेलं आलं होतं.

म्हणून वेगळं कार्ड. चांगल्या जाड ड्रॉइंग पेपरचा तुकडा फोटोच्या मापाचा काप आणि त्यावर २बी पेन्सिलीने लिही. पेन्सिल म्हणजे कच्चं असं लोकांना वाटतं, पण ती कार्बन आहे, उजेडाने उडत नाही, ओल आली तरी पसरत नाही. पेशवे दप्तरातले मोडी कागद आज वाचता येतात ते काजळीच्या शाईमुळे, तीही कार्बनच. निळं बॉलपेन मात्र उन्हात ठेवलेल्या पाटीसारखं पांढरं होत जातं. शाईनेच लिहायचं असेल तर पिगमेंट शाईचं पेन माग. खरं तर कागद आणि शाईबद्दल तुझ्या घरात माझ्यापेक्षा जाणकार माणूस बसलंय. प्रेसमधल्या माणसाला विचार, ते आनंदाने तासभर सांगतील.

ते नोट प्रेसमध्ये होते की स्टॅम्प प्रेसमध्ये, ते तू लिहिलं नाहीस. नोट प्रेसमध्ये असतील तर पाकिटात दहाची एक नोट ठेव. नोटेच्या मागे खालच्या बाजूला छपाईचं वर्ष असतं, २०२५ ची मिळाली तर उत्तम. स्टॅम्प प्रेसमध्ये असतील तर पोस्टाचं एक तिकीट. कार्डावर फक्त एवढंच लिही, "आजोबा हे करायचे." चप्पल घेतल्याचं बिल सापडलं तर तसंच ठेवू नकोस, त्या कागदावरची छपाई काही वर्षांत कोरी होते. त्याची झेरॉक्स ठेव.

फोटो आणि कार्ड साध्या कागदी पाकिटात, मध्ये एक कोरा कागद. स्टेपल नको, गंजते. सेलोटेप नको, पिवळी पडून डिंक सोडते. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. चिकट पानांचा अल्बम मी स्वतः भोगलाय. माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यात लावले, बारा वर्षांनी काढायला गेले तर पान आणि फोटो एक झालेले. पातळ दोरा खालून करवतीसारखा सरकवत सतरा फोटो सोडवले, चार फाटले. त्यातल्या एकात माझी आई होती.

पाकीट पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटाच्या मधल्या कप्प्यात. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते आणि बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून दोन्ही नकोत. दरवर्षी दसऱ्याला कपाट आवरताना एकदा उघडून बघ. कुबट वास आला, कडा लाटेसारख्या वळल्या किंवा फोटो कागदाला किंचित चिकटल्यासारखा वाटला तर ओल शिरली समज. पंख्याखाली दिवसभर वाळव, उन्हात नाही. चिकटलेला फोटो ओढू नकोस.

पाकिटावर बाहेरून लिही: कुणासाठी, कुणाकडून, कधी उघडायचं. आणि ते कुठे आहे हे घराबाहेरच्या एका माणसाला सांगून ठेव. बहिणीला सांग, इन्स्टाला नाही म्हटल्याचा रुसवाही निघेल. अशा वस्तू फुटण्यापेक्षा विसरल्या जास्त जातात. तुम्ही सोळा वर्षांत दोनदा तरी घर बदलाल, आणि टेम्पोत डबा चढवणाऱ्याला त्यात काय आहे ते माहीत नसेल.

एक राहिलं. सासऱ्यांकडूनही याच कार्डाच्या मागे दोन ओळी लिहून घे, त्यांच्या अक्षरात, या आठवड्यात. काय लिहायचं ते सुचवू नकोस. ते "अनेक आशीर्वाद" एवढंच लिहितील असं वाटत असेल तर आधी चहा देताना विचार, "बाबा, त्या दिवशी तुम्ही एवढं काय हसलात?" आणि जे बोलतील तेच लिहायला सांग.

आणि उजवी चप्पल अजून घरात आहे का? असेल तर टाकू नकोस. फक्त फोटोच्या डब्यात ठेवू नकोस. रबर जुनं झालं की चिघळतं आणि शेजारच्या फोटोवर डाग पाडतं. धुऊन, कोरडी करून, वेगळ्या सुती पिशवीत घाल आणि पिशवीला चिठ्ठी बांध: "उजवी."